डायोड कधी चालू, कधी बंद

डायोडच्या चिन्हात एक त्रिकोण असतो आणि त्याच्या टोकाला टेकलेली एक रेघ असते. त्रिकोणाची बाजू म्हणजे ॲनोड, आतल्या पी-प्रकारच्या सेमीकंडक्टरची. रेघेची बाजू म्हणजे कॅथोड, एन-प्रकारच्या सेमीकंडक्टरची. प्रत्यक्ष वस्तूवरही ही खूण असते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या १एन४००७ या काळ्या, नळकांडीसारख्या डायोडच्या एका टोकाजवळ चंदेरी पट्टा असतो; तो पट्टा म्हणजेच चिन्हातली रेघ, कॅथोड. त्रिकोणाचे टोक जिकडे रोखलेले असते तिकडे प्रवाह जाऊ शकतो, उलट दिशेने जाऊ शकत नाही. बारावीच्या आणि प्रवेश परीक्षांच्या भौतिकशास्त्रात डायोडवर जे प्रश्न येतात, त्यांतले बहुतेक ‘जाऊ शकतो’ आणि ‘जातो’ या दोहोंतल्या फरकावरच बेतलेले असतात. चिन्हावरून पहिली गोष्ट कळते. दुसरी कळण्यासाठी बाकीचे सर्किट पाहावे लागते.

पी आणि एन भाग जिथे जुळतात त्या सांध्याजवळ एन-बाजूचे इलेक्ट्रॉन पलीकडे जातात, पी-बाजूचे होल अलीकडे येतात आणि एकमेकांना भेटून नाहीसे होतात. मागे उरतात ते जागचे न हलणारे आयन. त्यांच्या विद्युतभारामुळे सांध्यावर एक अडसर तयार होतो. ॲनोडचा विभव कॅथोडपेक्षा वाढवत नेला की हा अडसर खाली येतो आणि प्रवाह सुरू होतो. याला फॉरवर्ड बायस म्हणतात. उलट केले तर अडसर आणखी उंच होतो, तो रिव्हर्स बायस. सिलिकॉनच्या डायोडमधून कामापुरता प्रवाह जाण्यासाठी सुमारे ०.७ व्होल्ट लागतात, जर्मेनियमच्या डायोडला सुमारे ०.३ व्होल्ट.

हे ०.७ काही दगडावरची रेघ नाही. डायोडवरचे व्होल्टेज साधारण ६० ते १२० मिलिव्होल्टनी वाढले की त्यातला प्रवाह दहापट होतो. म्हणजे प्रवाह एक मिलिअँपिअरवरून शंभर मिलिअँपिअरवर गेला तरी डायोडवरचे व्होल्टेज फार तर पाव व्होल्टभर वर सरकते. बाकीच्या सर्किटमध्ये दहा-बारा व्होल्ट खेळत असताना एवढा फरक नजरेआड करता येतो, म्हणून ‘चालू डायोडवर ०.७ व्होल्ट’ हा हिशेब चालून जातो. प्रश्नात ‘आदर्श डायोड’ असे लिहिले असेल तर तेही सोडायचे. चालू डायोड म्हणजे नुसती तार, बंद डायोड म्हणजे तुटलेली तार. प्रश्न यांपैकी कोणत्या हिशेबाने सोडवायचा हे प्रश्नाच्या पहिल्या ओळीत दिलेले असते आणि घाईत नेमकी तीच ओळ वाचायची राहते.

डायोड चालू आहे की बंद, हे ठरवताना त्याच्या दोन टोकांचे विभव शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. विभव धन आहे की ऋण, याला महत्त्व नाही. कोणता मोठा, एवढेच पाहायचे. ॲनोड उणे १० व्होल्टवर आणि कॅथोड उणे १२ व्होल्टवर असेल तर डायोड फॉरवर्ड बायसमध्ये आहे, कारण उणे १० ही संख्या उणे १२ पेक्षा मोठी आहे. ॲनोड अधिक ५ वर आणि कॅथोड अधिक ८ वर असेल तर डायोड रिव्हर्स बायसमध्ये, जरी ॲनोडला ‘प्लस’ मिळालेले असले तरी. चार आकृत्या देऊन ‘यांपैकी कोणता डायोड फॉरवर्ड बायसमध्ये आहे?’ असे विचारणारा प्रश्न वर्षानुवर्षे येतो, आणि ‘प्लस पी-ला म्हणजे फॉरवर्ड’ एवढेच पाठ केलेला विद्यार्थी त्यात हमखास फसतो. ते वाक्य एकाच बॅटरीच्या सर्किटमध्ये खरे ठरते. दुसरी बॅटरी आली की ते पुरेसे राहत नाही.

दुसरी बॅटरी असलेले एक सर्किट घेऊ. १२ व्होल्टच्या बॅटरीचे ऋण टोक ग्राउंडला जोडले आहे. धन टोकापासून १ किलोओहमचा रोध ‘क’ या बिंदूपर्यंत येतो. ‘क’ पासून ग्राउंडपर्यंत २ किलोओहमचा रोध आहे. शेजारी ९ व्होल्टची दुसरी बॅटरी आहे. तिचेही ऋण टोक ग्राउंडला, आणि धन टोकाला ‘ख’ म्हणू. ‘क’ पासून ‘ख’ कडे रोखलेला सिलिकॉनचा डायोड जोडला आहे. त्यातून किती प्रवाह जातो?

वरवर पाहता १२ व्होल्ट मोठे, ९ व्होल्ट लहान, आणि बाण मोठ्याकडून लहानाकडे. तेव्हा डायोड चालू असणार असे वाटते. पण डायोडचे ॲनोड १२ व्होल्टला जोडलेलेच नाही, ते ‘क’ ला जोडलेले आहे. म्हणून डायोड क्षणभर काढून टाकला आहे असे समजून ‘क’ चा विभव काढावा. १ आणि २ किलोओहमच्या रोधांत १२ व्होल्ट विभागले जातात आणि ‘क’ वर ८ व्होल्ट येतात. ‘ख’ वर ९ आहेत. ॲनोड ८ वर, कॅथोड ९ वर, म्हणजे डायोड बंद. त्यातून प्रवाह शून्य, आणि ‘क’ चा विभव ८ व्होल्टच राहतो.

हेच उत्तर उलट वाटेनेही तपासता येते, आणि एकाहून अधिक डायोड असलेल्या प्रश्नांत तीच वाट उपयोगी पडते. डायोड चालू आहे असे गृहीत धरू. मग ‘क’ चा विभव ९ अधिक ०.७, म्हणजे ९.७ व्होल्ट असला पाहिजे. १ किलोओहममधून ‘क’ कडे येणारा प्रवाह १२ वजा ९.७, म्हणजे २.३ मिलिअँपिअर. २ किलोओहममधून ग्राउंडकडे जाणारा प्रवाह ९.७ भागिले २, म्हणजे ४.८५ मिलिअँपिअर. येणाऱ्यापेक्षा जाणारा जास्त, तेव्हा उरलेले २.५५ मिलिअँपिअर डायोडमधून ‘ख’ कडून ‘क’ कडे, म्हणजे बाणाच्या उलट यावे लागतील. ते डायोडला शक्य नाही. गृहीतक चुकले, डायोड बंदच आहे. गणितात उणे चिन्ह आले की विद्यार्थी आकडेमोड पुन्हा तपासत बसतात. डायोडच्या गणितात मात्र त्या उणे चिन्हाचा अर्थ बहुधा असा असतो की आकडे बरोबर आहेत, गृहीतक तेवढे बदलायचे आहे.

आता त्याच सर्किटमध्ये २ किलोओहमच्या जागी ५ किलोओहमचा रोध बसवला तर? डायोड काढल्यावर ‘क’ वर १० व्होल्ट येतात. १० आणि ९ मधला फरक एक व्होल्ट, ०.७ पेक्षा जास्त, म्हणून डायोड चालू होतो. ‘क’ ९.७ व्होल्टवर येऊन थांबतो. १ किलोओहममधून २.३ मिलिअँपिअर येतात, ५ किलोओहममधून १.९४ जातात, आणि उरलेले ०.३६ मिलिअँपिअर डायोडमधून बाणाच्या दिशेने ‘ख’ मध्ये जातात. चिन्ह धन आले, गृहीतक टिकले. दोन्ही बॅटऱ्या त्याच, डायोड तोच, दिशाही तीच; बदलला तो बाजूला निवांत बसलेला एक रोध, आणि डायोडची अवस्था पालटली.

रेक्टिफायरमध्ये हाच प्रश्न पुन्हा-पुन्हा विचारायचा असतो, फक्त दर क्षणाला. बॅटरीच्या जागी ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी येते आणि तिच्या एका टोकाचा विभव दुसऱ्या टोकाच्या तुलनेत सेकंदाला ५० वेळा वर-खाली होतो. घरातल्या २३० व्होल्टवर चालणारा, १२ व्होल्ट सेकंडरीचा ट्रान्सफॉर्मर घेऊ. हे १२ म्हणजे आरएमएस मूल्य. त्याला वर्गमूळ दोनने गुणले की शिखर मूल्य मिळते, साधारण १७ व्होल्ट. रेक्टिफायरच्या आकृतीत जी लाट दिसते तिचा माथा १७ वर असतो, १२ वर नव्हे. या पहिल्याच पायरीवर चूक झाली तर पुढची सगळी उत्तरे एकाच प्रमाणात चुकतात, आणि बहुपर्यायी प्रश्नात ते चुकीचे उत्तरही पर्यायांमध्ये तयार ठेवलेले असते.

सर्वांत साधा तो हाफ वेव्ह रेक्टिफायर. सेकंडरी, एक डायोड आणि १ किलोओहमचा लोड, तिन्ही एकापाठोपाठ. ॲनोडकडचे टोक धन असते त्या अर्ध्या चक्रात डायोड चालू, आणि लोडवर लाटेचा वरचा अर्धा भाग ०.७ व्होल्टनी खाली उतरून दिसतो. दुसऱ्या अर्ध्या चक्रात डायोड बंद, लोडमधून प्रवाह नाही, लोडवर शून्य. आउटपुट म्हणजे एक उंचवटा, मग सपाट जागा, मग पुन्हा उंचवटा. दर चक्राला एक उंचवटा, म्हणून आउटपुटची वारंवारता इनपुटइतकीच, ५० हर्ट्झ.

आउटपुट कुठे मोजले आहे, हेही आकृतीत पाहावे लागते. बहुतेक आकृत्यांत ते लोडवर असते, पण कधीकधी प्रश्नकर्ता दोन टोके डायोडच्या दोन बाजूंना काढतो. सेकंडरीचे व्होल्टेज दर क्षणी डायोड आणि लोड या दोघांत वाटले जाते. लोडला जे मिळत नाही ते डायोडवर असते. म्हणून डायोडवर मोजलेली लाट लोडवरच्या लाटेची उरलेली बाजू असते: चालू असताना जवळजवळ शून्य, बंद असताना खालचा पूर्ण अर्धा भाग, उणे १७ व्होल्टपर्यंत. बंद डायोडवर काहीच व्होल्टेज नसते असे समजणे ही इथली नेहमीची गफलत आहे. प्रवाह नसतो, हे खरे. व्होल्टेज मात्र तेव्हाच सर्वांत जास्त असते. बंद अवस्थेत डायोडला जे कमाल उलटे व्होल्टेज सोसावे लागते त्याला पीआयव्ही म्हणतात, आणि डायोड निवडताना तोच आकडा पाहतात. १एन४००१ हा डायोड ५० व्होल्ट सोसतो, त्याच मालिकेतला १एन४००७ एक हजार व्होल्ट.

डीसीवर लावलेला साधा मल्टिमीटर या उंचवट्यांची सरासरी दाखवतो. साइन लाटेच्या एका उंचवट्याची पूर्ण चक्रावर पसरलेली सरासरी म्हणजे शिखर भागिले पाय, Vm/π. आदर्श डायोड धरला तर १७ भागिले ३.१४, म्हणजे सुमारे ५.४ व्होल्ट. खऱ्या डायोडने ०.७ व्होल्ट कापले, पण फक्त अर्धा वेळ. म्हणून सरासरी त्याच्या निम्म्याने उतरते आणि मीटरवर पाच व्होल्टच्या किंचित वर आकडा दिसतो. Vm/π हे सूत्र साइन लाटेचे आहे, रेक्टिफायरचे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. इनपुटला अधिक ५ आणि उणे ५ यांमध्ये उड्या मारणारी चौकोनी लाट दिली तर आदर्श डायोडनंतर लोडवर अर्धा वेळ ५ आणि अर्धा वेळ शून्य दिसेल, सरासरी २.५ व्होल्ट. तिथे पायचा काही संबंध नाही.

वाया जाणारे अर्धे चक्र कामाला लावण्याचे दोन मार्ग आहेत. एक सेंटर टॅपचा, ज्यात सेकंडरीच्या मधोमध तिसरी तार काढतात आणि दोन डायोड आळीपाळीने चालतात. दुसरा चार डायोडच्या ब्रिजचा. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ लिओ ग्रेट्झ यांच्या नावावरून त्याला ग्रेट्झ ब्रिजही म्हणतात. आकृतीत हा ब्रिज चौकटच्या पत्त्यासारखा तिरका काढलेला असतो आणि चारही डायोड वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसल्यासारखे दिसतात. ते तसे नसतात. लोडच्या धन टोकाशी दोन डायोडचे कॅथोड मिळतात, ऋण टोकाशी उरलेल्या दोघांचे ॲनोड मिळतात, आणि सेकंडरीचे प्रत्येक टोक एका डायोडचे ॲनोड व दुसऱ्याचे कॅथोड यांच्या सांध्यावर येते. आकृती कितीही फिरवून काढली तरी या जोड्या बदलत नाहीत, आणि काढलेला ब्रिज बरोबर आहे की नाही हे त्यांवरूनच तपासता येते.

सेकंडरीच्या टोकांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणू. ‘अ’ धन असताना प्रवाह ‘अ’ वरून लोडच्या धन टोकाकडे रोखलेल्या डायोडमधून जातो, लोडमधून उतरतो, आणि ऋण टोकावरून ‘ब’ कडे रोखलेल्या डायोडमधून सेकंडरीत परततो. उरलेले दोघे त्या वेळी बंद असतात. अर्ध्या चक्रानंतर ‘ब’ धन होतो, दुसरी जोडी चालू होते, आणि लोडमधून प्रवाह पुन्हा त्याच दिशेने जातो. लोडवर आता दर चक्राला दोन उंचवटे, मधे सपाट जागा नाही. वारंवारता १०० हर्ट्झ. वाटेत नेहमी दोन डायोड असल्यामुळे माथा १७ वजा १.४, म्हणजे सुमारे १५.६ व्होल्टवर येतो.

सरासरी काढताना इथे एक बारीक गोष्ट आहे. आदर्श डायोडसाठी उत्तर 2Vm/π, म्हणजे १०.८ व्होल्ट. खऱ्या डायोडसाठी पुष्कळजण १५.६ ला शिखर धरून तेच सूत्र वापरतात आणि ९.९ व्होल्ट काढतात. पण १.४ व्होल्टची कपात केवळ माथ्यावर होत नाही, लाटेच्या जवळजवळ सगळ्या लांबीवर होते. उंचवटा दाबून बुटका केला जात नाही, तर आहे तसा खाली सरकतो आणि शून्याच्या खाली गेलेला कडेचा तुकडा तेवढा गळतो. म्हणून सरासरीतूनही जवळपास पूर्ण १.४ वजा होतात आणि मीटर ९.४ च्या आसपास दाखवतो. परीक्षेत आदर्श डायोडच असतो, तेव्हा हा फरक गुण कापत नाही. प्रयोगशाळेत मात्र अर्धा व्होल्ट कमी का भरला, याचा शोध मीटरमध्ये घेतला जातो.

सेंटर टॅपच्या सर्किटमध्ये डायोडवर एकदाच ०.७ व्होल्ट जातात, हा त्याचा फायदा. पण ट्रान्सफॉर्मर १२-०-१२ असेल तर लोडला १२ च्याच लाटेचा माथा मिळतो, २४ च्या नव्हे. एका वेळी अर्धीच सेकंडरी काम करते. प्रश्नात कधी अर्ध्या सेकंडरीचे व्होल्टेज दिलेले असते, कधी टोकापासून टोकापर्यंतचे, आणि ते आकृतीतच वाचावे लागते. बंद डायोडवर मात्र पूर्ण २४ ची लाट पडते. त्याचे कॅथोड लोडच्या माथ्यावर, अधिक १७ च्या जवळ, आणि ॲनोड सेकंडरीच्या ऋण टोकावर, उणे १७ वर. फरक ३४ च्या घरात. ब्रिजमध्ये बंद डायोडला १७ च्या आसपासच सोसावे लागतात, म्हणजे सेंटर टॅपच्या निम्मे. पीआयव्हीची ही तुलना बहुतेक विद्यार्थी पाठ करतात. दोन्ही टोकांचे विभव लिहून पाहिले तर पाठ करण्याची गरज उरत नाही.

आतापर्यंतचे आउटपुट एका दिशेचे असले तरी स्थिर नाही; ते दर सेकंदाला शंभर वेळा शून्यापर्यंत उतरते. लोडला समांतर कॅपॅसिटर जोडला की चित्र बदलते, आणि ते समजून घ्यायला वरचा ९ व्होल्टच्या बॅटरीचा प्रश्न आठवावा. भरलेला कॅपॅसिटर डायोडच्या कॅथोडकडे त्या बॅटरीसारखाच उभा असतो. सेकंडरीचे व्होल्टेज धन आहे एवढ्याने डायोड चालू होत नाही. ते कॅपॅसिटरवरच्या व्होल्टेजच्याही वर, ब्रिजमध्ये १.४ व्होल्टनी अधिक, चढावे लागते. तसे फक्त माथ्याजवळ घडते. म्हणून डायोड चक्राचा बहुतेक वेळ बंद असतात आणि माथ्याजवळच्या थोड्या वेळात मोठ्या प्रवाहाचा झटका देऊन कॅपॅसिटर भरून टाकतात. मधल्या काळात लोडला कॅपॅसिटर पुरवतो आणि हळूहळू उतरत जातो.

किती उतरतो? ४७० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि तोच १ किलोओहमचा लोड घेऊ. १५.६ व्होल्टला लोडमधून १५.६ मिलिअँपिअर जातात. एका माथ्यापासून दुसऱ्यापर्यंत १० मिलिसेकंद. तेवढ्यात कॅपॅसिटर १५६ मायक्रोकूलोम भार गमावतो. तो ४७० मायक्रोफॅरडने भागला की ०.३३ व्होल्ट. म्हणजे आउटपुट १५.६ आणि १५.३ च्या दरम्यान डुलते. या डुलण्याला रिपल म्हणतात. हाफ वेव्हमध्ये दोन माथ्यांत २० मिलिसेकंद असल्यामुळे तोच कॅपॅसिटर सुमारे ०.७ व्होल्ट उतरला असता. माथ्यांमधला सगळा वेळ कॅपॅसिटर उतरतच असतो असे या हिशेबात धरले आहे, तेव्हा खरे उत्तर थोडे कमी भरते. रिपल माथ्याच्या मानाने लहान असेल तोवर एवढा अंदाज पुरेसा आहे. लोड दहापट जड केला की तो पुरत नाही.

मीटरकडे पाहिले तर गंमत दिसते. कॅपॅसिटर नसताना डीसी ९.४ व्होल्ट होते, जोडल्यावर १५.४ झाले. कॅपॅसिटरने ऊर्जा निर्माण केली नाही. मीटर आधी उंचवट्यांची सरासरी दाखवत होता, आता माथ्याजवळचा आकडा दाखवतो. ‘१२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून १५ कसे आले?’ हा प्रश्न नवशिक्या कारागिराला पडतो तो इथे. याच कारणाने तिथे १६ व्होल्टचा कॅपॅसिटर बसवणे धोक्याचे. लोड काढला की छोट्या ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी १२ च्याही वर चढते, आणि १६ ची मर्यादा सहज ओलांडली जाते. २५ व्होल्टचा बसवतात. हाफ वेव्हमध्ये कॅपॅसिटर जोडल्यावर डायोडचा पीआयव्हीही दुप्पट होतो: कॅथोड कॅपॅसिटरमुळे अधिक १६ वर अडकून राहते आणि ॲनोड खाली उणे १७ पर्यंत जाते.

बिघाडाचे प्रश्नही याच रीतीने सुटतात. ब्रिजमधला एक डायोड तुटला, म्हणजे कायमचा बंद झाला, तर एक जोडी निकामी होते आणि सर्किट हाफ वेव्हसारखे चालू लागते. कॅपॅसिटर नसेल तर मीटर ९.४ वरून निम्म्यावर येतो आणि दोष लगेच कळतो. कॅपॅसिटर असेल तर मीटर जेमतेम दोन दशांश व्होल्ट हलतो, म्हणून तेवढ्यावरून काही समजत नाही. ऑसिलोस्कोपवर रिपलची वारंवारता १०० ऐवजी ५० हर्ट्झ दिसते. खरा पुरावा तो. अँप्लिफायरमध्ये असा बिघाड झाला तर स्पीकरच्या घुरघुरीचा सूर एक सप्तक खाली उतरतो.

ऑसिलोस्कोप लावतानाही सांभाळावे लागते. ब्रिजमध्ये सेकंडरीचे एकही टोक लोडच्या ऋण टोकाशी एक नसते. एका प्रोबची ग्राउंड क्लिप सेकंडरीच्या ‘ब’ टोकाला आणि दुसऱ्याची लोडच्या ऋण टोकाला लावली, तर त्या दोन क्लिपा स्कोपच्या आत जोडलेल्याच असतात, आणि त्यांच्यामधला डायोड परस्पर शॉर्ट होतो. मग ‘ब’ धन असताना ‘ब’ पासून क्लिपांमधून लोडच्या ऋण टोकाकडे आणि तिथून चालू डायोडमधून ‘अ’ कडे, असा लोडला वगळणारा रस्ता मोकळा होतो आणि त्या डायोडवर सेकंडरीचा पूर्ण भार येतो. इनपुट आणि आउटपुट एकाच पडद्यावर एकाखाली एक काढलेली पुस्तकातली आकृती ब्रिजच्या बाबतीत अशी सरळ मोजून मिळत नाही.

राहिला उलटा बसवलेला डायोड. समजा ‘अ’ वरून लोडच्या धन टोकाकडे रोखलेला डायोड चुकून फिरवून लावला, म्हणजे तो आता धन टोकाकडून ‘अ’ कडे रोखलेला आहे. ‘अ’ धन असताना ‘अ’ ला चिकटलेले दोन्ही डायोड त्याच्याकडेच तोंड करून असल्यामुळे ‘अ’ वरून बाहेर पडायला वाटच नाही, लोडवर शून्य. ‘ब’ धन झाला की प्रवाह ‘ब’ वरून लोडच्या धन टोकाकडे पोचतो, आणि तिथून लोडमध्ये उतरण्याऐवजी उलट्या बसलेल्या डायोडमधून थेट ‘अ’ कडे परततो. या वाटेत रोध असा काही नाही, दोन डायोड तेवढे आहेत. लोडवर या अर्ध्या चक्रातही जवळजवळ काहीच येत नाही, आणि १७ व्होल्टचा माथा दोन डायोड व सेकंडरीच्या तारेवर पडतो. परीक्षेत याचे उत्तर ‘आउटपुट शून्य, सेकंडरी शॉर्ट’ असे असते. टेबलावर फ्यूज उडतो. फ्यूज नसेल तर ते दोन डायोड किंवा ट्रान्सफॉर्मर जळतो. वीज देण्याआधी चारही चंदेरी पट्टे तपासले की हे टळते: दोन पट्टे लोडच्या धन टोकाकडे, आणि उरलेले दोन सेकंडरीच्या एकेका टोकाकडे असले पाहिजेत.